शोगुन कोणत्या खान्यात?

2024 च्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत प्रश्नमंजूषा होती आणि प्रश्न काढायचं काम माझ्याकडे होतं. मनोरंजनाच्या फेरीत मी एक सोपा प्रश्न ठेवला होता: ‘शोगुन (2024) ही मालिका कोणत्या प्रकारची? मिनिसीरिज, लिमिटेड सीरिज, अँथॉलॉजी सीरिज की ड्रामा सीरिज?’ माझ्या कागदावर उत्तर होतं लिमिटेड सीरिज. एका संघाने तेच सांगितलं, मी गुण दिले, आणि पलीकडच्या संघातली बारावीतली एक मुलगी उठून उभी राहिली. ‘काका, जुलैमध्ये एमीची नामांकनं आली तेव्हा शोगुन ड्रामा सीरिजमध्ये होती. लिमिटेडमध्ये नव्हतीच.’

मी प्रश्न काढला होता मार्चमध्ये, मालिका चालू असताना. तेव्हा ती जाहिरातीत लिमिटेड सीरिजच होती. मंडपातल्या लोकांनी फोन काढले. अर्ध्यांना एक उत्तर सापडलं, अर्ध्यांना दुसरं. शेवटी दोन्ही संघांना गुण देऊन मी सुटका करून घेतली, पण डोक्यात ते राहिलंच. त्या मुलीचं चुकलं नव्हतं आणि माझंही पूर्ण चुकलं नव्हतं. चुकला होता तो प्रश्न. ‘कोणत्या प्रकारची’ असं विचारताना मी कोणाच्या लेखी आणि कधी, हे विचारलंच नव्हतं.

आधी त्या तीन शब्दांतला जो फरक खरोखरच आहे तो पाहू. अँथॉलॉजी म्हणजे सरळ कथासंग्रह. पुस्तकाचं नाव एक, आत गोष्टी वेगवेगळ्या, पात्रं वेगवेगळी. मिनिसीरिज किंवा लिमिटेड सीरिज म्हणजे एक कादंबरी, ठरावीक प्रकरणांची, शेवटच्या पानावर संपणारी. त्यामुळे एखादी मालिका समोर आली की पहिला प्रश्न असा विचारायचा: गोष्ट पुरी कुठे होते? प्रत्येक भागाला पुरी होत असेल, जशी ‘द ट्वायलाइट झोन’मध्ये 1959 पासून होत होती किंवा ‘ब्लॅक मिरर’मध्ये होते, तर ती भागाभागांची अँथॉलॉजी. पर्वाच्या शेवटी पुरी होऊन पुढच्या पर्वात नवी गोष्ट, नवी माणसं येत असतील, तर ती पर्वांची अँथॉलॉजी, उदाहरणार्थ ‘फार्गो’. आणि एकदाच पुरी होऊन मालिकाच संपत असेल, जशी पाच भागांत ‘चेर्नोबिल’ संपली किंवा सात भागांत ‘द क्वीन्स गँबिट’, तर ती लिमिटेड किंवा मिनि.

एवढ्यावर भागत नाही, कारण गोष्ट दर वेळी नवी असूनही मालिका अँथॉलॉजी नसते, असं पुष्कळदा घडतं. दूरदर्शनवर 1993 मध्ये आलेली बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ आठवा. प्रत्येक प्रकरण नवं, खुनी नवा, पण रजित कपूर तोच आणि शेजारी अजितही तोच. बाबूराव अर्नाळकरांचं धनंजयचं पुस्तक उघडलं की रहस्य नवं मिळायचं आणि धनंजय जुनाच भेटायचा, तसंच हे. याला अँथॉलॉजी म्हणत नाहीत. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: परत कोण येतं? नट परत आला तर हरकत नाही. पात्र परत आलं तर मात्र थांबून विचार करायचा. 1986 च्या ‘कथासागर’मध्ये गोष्ट बदलली की माणसं बदलायची. ती खरी अँथॉलॉजी.

क्विझमध्ये याच ठिकाणी फसवतात. ‘दिल्ली क्राइम’ घ्या. 2019 च्या पहिल्या पर्वात एक गुन्हा, 2022 च्या दुसऱ्यात वेगळाच गुन्हा. पर्यायांत अँथॉलॉजी दिसलं की हात तिकडे वळतो. पण डीसीपी वर्तिका चतुर्वेदी दोन्हीकडे आहे, शेफाली शाहच्याच चेहऱ्याने, आणि तिचं घर, तिची मुलगी, तिचा थकवा हे सगळं पुढे चालू राहतं. म्हणून ती साधी चालू मालिका, ड्रामा सीरिज. 2020 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं तेही ड्रामा सीरिजचं. (आंतरराष्ट्रीय एमी ही अमेरिकेतल्या प्राइमटाइम एमीपेक्षा वेगळी संस्था देते. क्विझमध्ये या दोन एमींची सरमिसळ करणारे प्रश्नही येतात, पण तो वेगळा वैताग.)

आता मिनि आणि लिमिटेड यांतला फरक. पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात की मिनिसीरिज छोटी आणि लिमिटेड थोडी मोठी, किंवा मिनिसीरिजला दुसरं पर्व नसतं आणि लिमिटेडला असू शकतं. असा कुठला नियम नाही. रचनेच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत. वेगळा आहे तो शब्दांचा इतिहास, आणि तो गंमतीदार आहे.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात मोठ्या वाहिन्यांनी जाड कादंबऱ्या सलग काही रात्रींत दाखवायला सुरुवात केली. 1977 मध्ये एबीसीने ‘रूट्स’ आठ रात्री सलग दाखवली. 1980 मध्ये एनबीसीने जेम्स क्लॅव्हेलच्या कादंबरीवरून ‘शोगुन’ काढली, रिचर्ड चेंबरलेन आणि तोशिरो मिफुने यांची, पाच रात्री. प्रेक्षक आणि वर्तमानपत्रं या प्रकाराला मिनिसीरिज म्हणत. पण एमीच्या पुरस्काराचं नाव त्या काळात होतं ‘लिमिटेड सीरिज’. त्यामुळे लोकांच्या तोंडी असलेली मिनिसीरिज ‘शोगुन’ 1981 मध्ये जिंकली ते लिमिटेड सीरिजचं एमी. 1974 चं याच नावाचं एमी तर ‘कोलंबो’ला मिळालं होतं. तो चुरगळलेल्या कोटातला पोलीस अधिकारी पुढे कित्येक वर्षं परत येतच राहिला, म्हणजे ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ तेव्हाही फार घट्ट नव्हता.

1986 पासून एमीने नाव बदलून मिनिसीरिज केलं. मग असा काळ आला की वाहिन्यांनी हा प्रकार बनवणंच कमी केलं आणि स्पर्धेला पुरेशा मालिका मिळेनाशा झाल्या. 2011 मध्ये मिनिसीरिज आणि टीव्हीसाठी बनवलेला चित्रपट यांना एकाच पुरस्कारात कोंबलं. 2014 मध्ये ते पुन्हा वेगळे केले. 2015 मध्ये मिनिसीरिज जाऊन लिमिटेड सीरिज हे जुनंच नाव परत आलं, आणि 2021 मध्ये त्याला शेपूट लागलं: लिमिटेड ऑर अँथॉलॉजी सीरिज. म्हणजे ‘रूट्स’ लिमिटेड, 2014 ची ‘फार्गो’ मिनि, ‘चेर्नोबिल’ पुन्हा लिमिटेड. तिन्हींची जात एकच, बदलली ती दारावरची पाटी. म्हणून ‘फार्गोने 2014 मध्ये कोणतं एमी जिंकलं?’ या प्रश्नाचं काटेकोर उत्तर मिनिसीरिज असंच आहे. लिमिटेड म्हणणाऱ्याला कडक परीक्षक गुण देणार नाही, आणि मिनिसीरिज व लिमिटेड सीरिज हे दोन वेगळे पर्याय म्हणून ठेवणाऱ्या, पण वर्ष न सांगणाऱ्या प्रश्नकर्त्याला मी तरी गुण देणार नाही.

नाव कितीही बदललं तरी 2015 नंतर एमीने व्याख्या मात्र नीट लिहून ठेवली. कमीत कमी दोन भाग, मिळून कमीत कमी 150 मिनिटं, आणि गोष्ट पूर्ण, पुढे न चालणारी. पुढची पर्वं आली तरी चालतील, पण त्यांत तेच कथानक किंवा तीच मुख्य पात्रं पुढे जाता कामा नयेत. भाग जास्तीत जास्त किती, याला वरची मर्यादा नाही. मिनि या शब्दाने आपण फसतो तो इथेच. 2025 ची ‘अॅडोलेसन्स’ चार भागांची आहे आणि ‘शोगुन’ दहा भागांची, पण भागांच्या संख्येवरून दोघींचा प्रकार ठरत नाही. ठरतो तो शेवटच्या अटीवर, म्हणजे पुन्हा त्या जुन्याच प्रश्नावर: परत कोण येतं?

ही अट किती बारीक चालते ते ‘द व्हाइट लोटस’वरून कळतं. 2021 च्या उन्हाळ्यात एचबीओवर ती आली तेव्हा लिमिटेड सीरिज म्हणून आली. सहा भाग, हवाईतलं एक आलिशान हॉटेल, आठवडाभराचे पाहुणे, शेवटी एक शवपेटी. गोष्ट संपली. प्रेक्षकांना ती आवडली आणि दुसरं पर्व जाहीर झालं: वेगळ्या देशातलं दुसरं व्हाइट लोटस हॉटेल, नवे पाहुणे. म्हणजे पाहता पाहता तीच मालिका अँथॉलॉजी झाली, आणि आधीचे सहा भाग तिचं पहिलं पर्व ठरले. 2022 मध्ये पहिल्या पर्वाने लिमिटेड किंवा अँथॉलॉजीचं एमी घेतलं, आणि टान्या हे पात्र करणाऱ्या जेनिफर कूलिजला त्याच विभागातलं सहायक अभिनेत्रीचं.

घोटाळा झाला तो दुसऱ्या पर्वात. गोष्ट सिसिलीत गेली, पण टान्याही तिथे गेली. एकटीच नाही, पहिल्या पर्वात हॉटेलमध्ये भेटलेला ग्रेग आता तिचा नवरा होता, आणि त्या दोघांचं जे काही होतं ते पर्वाच्या कथेचा कणा झालं. गोल्डन ग्लोबवाल्यांनी याकडे काणाडोळा केला. जानेवारी 2023 मध्ये दुसऱ्या पर्वाला त्यांनी लिमिटेड, अँथॉलॉजी किंवा टीव्ही चित्रपट या विभागातला पुरस्कार दिला आणि कूलिजलाही त्याच विभागात. एमीच्या लेखी मात्र टान्या आणि ग्रेगचं कथानक पुढे गेलं होतं, म्हणून दुसरं पर्व ड्रामा सीरिजमध्ये गेलं. संपांमुळे लांबलेला तो एमी सोहळा जानेवारी 2024 मध्ये झाला आणि कूलिजने ड्रामा सीरिजची सहायक अभिनेत्री म्हणून बक्षीस घेतलं. पर्व तेच, भूमिका तीच, अभिनय तोच. एका टेबलावर ती अँथॉलॉजी, दुसऱ्यावर ड्रामा. ‘व्हाइट लोटसचं दुसरं पर्व कोणत्या प्रकारात मोडतं?’ असं कोणी विचारलं तर पुरस्काराचं नाव मागून घेतल्याशिवाय बोलूच नये.

इथे कोणी म्हणेल, मग फार्गोचं काय? पहिल्या पर्वात लू सॉल्व्हरसन हा निवृत्त पोलीस आहे, कीथ कॅरडाइनचा. दुसऱ्या पर्वात तोच लू तरुणपणी दिसतो, पॅट्रिक विल्सनच्या रूपात. पात्र परत आलंच की! तरी ते पर्व एमीत लिमिटेड सीरिज म्हणूनच नामांकित झालं. माझ्या मते फरक असा: तिथे काळ मागे गेला, पहिल्या पर्वाचं कथानक पुढे सरकलं नाही. टान्या आणि ग्रेग मात्र जिथे सोडले होते तिथून पुढे निघाले. सहज ओझरतं दिसणं आणि कथानक पुढे नेणं यांतली रेघ प्रत्येक वेळी इतकी ठळक नसते, म्हणून संस्थांना बसून ठरवावं लागतं आणि दोन संस्थांचं ठरवणं वेगळं निघतं.

‘अमेरिकन हॉरर स्टोरी’चं उदाहरण तर मी क्विझसाठी जपून ठेवलं आहे. पर्वागणिक नवी गोष्ट आणि तेच नट नव्या भूमिकांत, ही पद्धत अलीकडच्या काळात रूढ केली ती याच मालिकेने. 2012 मध्ये तिचं पहिलं पर्व एमीला मिनिसीरिज म्हणून पाठवलं गेलं. त्या वेळी पुष्कळ भुवया उंचावल्या, कारण दुसरं पर्व येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सतरा नामांकनं मिळाली आणि कॉन्स्टन्स लँगडन या भूमिकेसाठी जेसिका लँगला सहायक अभिनेत्रीचं एमी मिळालं. पुढे 2018 चं ‘अपोकॅलिप्स’ हे पर्व आलं, त्यात जुन्या पर्वांतली पात्रं एकत्र आणली आणि त्यांची गोष्ट पुढे नेली. कॉन्स्टन्सही परतली. 2019 मध्ये त्याच अभिनेत्रीला त्याच पात्रासाठी पुन्हा नामांकन मिळालं, पण या वेळी ड्रामा सीरिजमधली पाहुणी अभिनेत्री म्हणून.

कधी कधी तर नियमापेक्षा हिशेब मोठा असतो. ‘ट्रू डिटेक्टिव्ह’चं 2014 चं पहिलं पर्व कुठूनही बघितलं तरी अँथॉलॉजीचं पर्व होतं, आठ भागांत सगळं संपवणारं. तरीही एचबीओने ते ड्रामा सीरिजमध्ये उतरवलं. त्या वर्षी समोर ‘ब्रेकिंग बॅड’चं अखेरचं पर्व होतं. मॅथ्यू मॅकॉनहीऐवजी ब्रायन क्रॅन्स्टनला बक्षीस मिळालं आणि मालिकेचं बक्षीसही तिकडेच गेलं. त्याच वर्षी फार्गोने मिनिसीरिजचा दरवाजा निवडला आणि जिंकून आली. म्हणून एखाद्या मालिकेचा एमीतला विभाग पाहून तिची रचना सांगायला जाऊ नये, आणि रचना पाहून विभागही सांगू नये.

आता माझ्या शोगुनकडे परत. फेब्रुवारी 2024 मध्ये एफएक्सने ती आणली तेव्हा ती लिमिटेड सीरिज होती, यात शंका नव्हती. क्लॅव्हेलची कादंबरी दहा भागांत संपणार होती आणि एप्रिलच्या अखेरीस संपलीही. पुढे सांगायला पुस्तकच उरलं नव्हतं. पण एमीसाठी मालिका 31 मेपर्यंत प्रदर्शित झालेली असावी लागते, आणि त्या आधी, मे महिन्यातच जाहीर झालं की पुढच्या पर्वांवर काम सुरू होत आहे आणि तोरानागा करणारा हिरोयुकी सनादा परत येणार आहे. मुख्य पात्र परत येणार म्हटल्यावर लिमिटेडची अट मोडली आणि मालिका ड्रामा सीरिजमध्ये गेली. एकाही नव्या भागाचं चित्रीकरण झालं नव्हतं, जुन्या दहा भागांतलं एक दृश्य बदललं नव्हतं, तरी प्रकार बदलला. सप्टेंबरमध्ये तिने अठरा एमी घेतली, एका पर्वाने एका वर्षात घेतलेली सर्वाधिक.

‘बिग लिटल लाइज’च्या बाबतीत हेच उलट्या क्रमाने झालं. 2017 मध्ये लिमिटेड सीरिजचं एमी घेऊन झाल्यावर 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, तीच माँटेरेची मंडळी, भर म्हणून मेरिल स्ट्रीप. 2020 मध्ये स्ट्रीपबाईंचं नामांकन आलं ते ड्रामा सीरिजमध्ये. 2017 चं बक्षीस काही कोणी परत मागितलं नाही. त्यामुळे ‘बिग लिटल लाइज ही लिमिटेड सीरिज होती’ हे वाक्य 2017 पुरतं बरोबर आणि आज चूक आहे. 1980 ची शोगुन मिनिसीरिज होती आणि 2024 ची शोगुन आज ड्रामा सीरिज आहे. मार्च 2024 मध्ये ती लिमिटेड होती हेही खरं. तीनही वाक्यं एकाच वेळी कागदावर बसतात, फक्त तारखा लिहायला हव्यात.

आपल्याकडे या नावांभोवती एवढं राजकारण नाही, पण तोच पेच दिसतो. हंसल मेहतांची ‘स्कॅम 1992’ ऑक्टोबर 2020 मध्ये आली तेव्हा हर्षद मेहताची दहा भागांची पुरी गोष्ट होती. 2023 मध्ये ‘स्कॅम 2003’ आली, तेलगीची गोष्ट घेऊन, नवी माणसं, नवा घोटाळा. मागे वळून पाहिलं की पहिली मालिका आता अँथॉलॉजीचं पहिलं पर्व वाटते. पण शीर्षकातच वर्ष वेगळं असल्याने या दोन स्वतंत्र मालिका आहेत, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढणं अवघड आहे. असा प्रश्न मी क्विझमध्ये ठेवणार नाही. 2021 ची ‘रे’ बिनधास्त ठेवीन. सत्यजित राय यांच्या चार कथा, चार भाग, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

एक कानगोष्ट ब्रिटिश मालिका बघणाऱ्यांसाठी. तिकडे आपण ज्याला सीझन म्हणतो त्याला ‘सीरिज’ म्हणतात. सीरिज वन, सीरिज टू. त्यामुळे ब्रिटिश पुस्तकातून उचललेल्या प्रश्नात ‘सीरिज संपली’ याचा अर्थ मालिका संपली असा होईलच असं नाही.

पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात प्रश्न पुन्हा मीच काढले. या वेळी कागदावर असं लिहिलं होतं: ‘एकाच पात्रासाठी 2012 मध्ये मिनिसीरिज किंवा टीव्ही चित्रपट विभागात प्राइमटाइम एमी जिंकून 2019 मध्ये ड्रामा सीरिजच्या पाहुण्या अभिनेत्रीचं नामांकन मिळवलेली अभिनेत्री कोण?’ ती मुलगी आता कॉलेजात होती, पहिल्या रांगेत होती. प्रश्न वाचून होण्याआधीच तिने घंटी वाजवली.